कारण लेखी कळवावे

‘तू तक्रार केलीस म्हणून तुला रात्रपाळी’ असं कोणताही मालक कागदावर लिहीत नाही. आदेशात ‘प्रशासकीय कारण’ असतं, नाहीतर ‘उत्पादनाची निकड’. रजेच्या अर्जावर लाल शाईत एकच शब्द असतो, ‘नामंजूर’. ज्याच्यावर ही वेळ येते त्याला खरं कारण पहिल्या दिवसापासून माहीत असतं. त्याच्या बायकोला ते माहीत असतं, आणि गेटवरच्या चहावाल्यालाही. न्यायालयाला मात्र ते माहीत नसतं. त्याला ते कागदावरूनच कळतं, आणि तेही कागदावर तारीख आणि सही असेल तरच.

वर्धा जिल्ह्यातल्या एका कारखान्यात मी मशीन ऑपरेटर होतो. २०१७ साली माझ्यावर जे आलं ते इथे तारखांसह मांडतो. त्यानंतर देवळी, हिंगणघाट, पुलगावकडचे कितीतरी कामगार याच दुखण्यासाठी माझ्याकडे कागद घेऊन आले. बहुतेकांकडे तक्रार भरपूर होती आणि कागद थोडे होते. म्हणून हे लिहितो आहे.

आमच्याकडे तीन पाळ्या होत्या आणि दर सोमवारी पाळी फिरायची. तिसरीनंतर पहिली, पहिलीनंतर दुसरी, मग पुन्हा तिसरी. रविवारी सुट्टी. रात्रपाळीला आमची कोणाचीच ना नव्हती, कारण ती सगळ्यांच्याच वाट्याला येत होती. वाद ओव्हरटाइमचा होता. जादा तासांना कायद्याने दुप्पट दर द्यायचा असतो आणि आम्हाला एकेरी मिळत होता. आमच्याकडे तेव्हा संघटना नव्हती. १२ जून २०१७ रोजी आम्ही तिघांनी सहीचं पत्र व्यवस्थापनाला दिलं आणि त्याची प्रत नागपूरच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य कार्यालयाला पाठवली. आवक विभागातल्या बाबूने आमच्या प्रतीवर शिक्का मारला, तारीख टाकली, सही केली. १५ जूनला कार्मिक व्यवस्थापकाच्या सहीचं दोन ओळींचं उत्तर आलं की पत्र मिळालं, विचाराधीन आहे.

तो आठवडा माझा तिसऱ्या पाळीचा होता. १९ जूनच्या सोमवारी मी पहिल्या पाळीत यायला हवा होतो. फलकावर माझं नाव पुन्हा तिसऱ्या पाळीत होतं. बाकी दोघांचंही तसंच. पुढच्या सोमवारी तेच, त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. सुपरवायझरला विचारलं तर तो मान खाली घालून म्हणाला, “भाऊ, मले काही विचारू नको. वरून आलं हाय.” तो खरं बोलत होता. पण ते बोलणं त्याच्या तोंडातच राहणार होतं. नोकरी त्यालाही करायची होती, आणि उद्या साक्षीला बोलावलं असतं तर तो आला नसता. त्याच्याकडून ते वदवून घ्यायचा आम्ही प्रयत्नही केला नाही.

इथे बरेच जण एक गोष्ट करतात, ती अजिबात करू नये. चिडून चार पानी पत्र लिहायचं, त्यात ‘सूडबुद्धी’, ‘आकस’, ‘छळ’ हे शब्द भरायचे आणि शेवटी न्यायालयात खेचण्याची धमकी द्यायची. अशा पत्राला उत्तर येत नाही. आलंच तर ते वकिलाने लिहिलेलं येतं. शिवाय पुढे प्रकरण उभं राहिलं की समोरचा वकील तेच पत्र दाखवून म्हणतो, हा माणूस पहिल्यापासूनच खटल्याच्या तयारीत होता. हेतूचा आरोप पत्रात करायचा नसतो. पत्राने एकच प्रश्न विचारायचा असतो, आणि तो इतका साधा की उत्तर देणं टाळलं तर टाळणंच उघडं पडेल.

माझं ३ जुलैचं पत्र असं होतं:

‘महोदय, मी अमुक विभागात ऑपरेटर आहे. विभागातील पाळ्या दर आठवड्याला फिरतात. दि. १२ जूनपासून मी तिसऱ्या पाळीत असून दि. १९ जून, २६ जून व ३ जुलै रोजी माझी पाळी बदललेली नाही. मी नेमून दिलेल्या पाळीत नियमित काम करीत आहे. माझी पाळी पूर्ववत फिरती ठेवावी, ही विनंती. ते शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे.’

सहा वाक्यं. त्यातलं प्रत्येक वाक्य पुढे कामी आलं. आधीची पद्धत काय होती ते पत्रात आहे, ती कोणत्या तारखेला मोडली ते आहे, आणि मी काम सोडलेलं नाही हेही आहे. ओव्हरटाइमच्या पत्राचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. तो संबंध जोडायचं काम न्यायाधीशांचं, कारण दोन्ही पत्रांवर शिक्के आहेत आणि त्या शिक्क्यांमध्ये मोजके दिवस आहेत.

उत्तर आलं ते ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढंच. सही त्याच कार्मिक व्यवस्थापकाची, ज्याने १५ जूनला आमचं पत्र मिळाल्याचं कळवलं होतं. ही एक सही फार मोलाची ठरली. सूड उगवला असं म्हणायचं तर ज्याने निर्णय घेतला त्याला आपली तक्रार माहीत होती, हे आधी दाखवावं लागतं. कित्येक प्रकरणं इथेच गळतात. कामगाराने तक्रार कुठल्यातरी कार्यालयात केलेली असते, पाळी लावणारा माणूस दुसराच असतो, आणि तो शपथेवर सांगतो की मला तक्रारीचा पत्ताच नव्हता. आमच्याकडे दोन्ही कागदांवर एकच सही होती.

आता रजेचं. त्या वर्षी पोळा २१ ऑगस्टला होता. आमचं घर शेतीचं, बैलजोडी वडिलांकडे. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, आणि पोराचा लाकडी नंदी घेऊन मिरवायचा हट्ट. म्हणून १ ऑगस्टला २१ ते २४ तारखेच्या चार दिवसांच्या भरपगारी रजेचा अर्ज दिला. कारखाने अधिनियमात तेव्हा हिशेब असा होता: आदल्या वर्षात २४० दिवस काम केलं असेल तर दर २० दिवसांमागे एक दिवसाची भरपगारी रजा मिळते, आणि अर्ज किमान १५ दिवस आधी द्यायचा असतो. लोकोपयोगी सेवांमध्ये ही मुदत ३० दिवसांची होती. आजारपणासाठी ही अट नव्हती. माझा अर्ज वीस दिवस आधीचा होता आणि रजेच्या पुस्तकात १३ दिवस शिल्लक होते.

वेळेत दिलेला असा अर्ज नाकारायला त्या कायद्यात एकच मोकळीक होती. काम अखंड चालावं म्हणून रजा कशा द्यायच्या, याची योजना कामगार प्रतिनिधींशी लेखी ठरवून मुख्य निरीक्षकाकडे दाखल केलेली असेल, तर त्या योजनेनुसार नकार देता येत होता. आमच्या कारखान्यात अशी योजनाच नव्हती. बहुतेक लहान कारखान्यांत नसते. ‘रजा हा हक्क नाही, देणं न देणं आमच्या मर्जीवर’ हे वाक्य कारखान्यात सर्रास ऐकवतात. ते सरकारी नोकरीच्या नियमांतून उचललेलं आहे, आणि भरपगारी वार्षिक रजेला ते तसंच्या तसं लागत नाही.

११ ऑगस्टला उत्तर आलं: ‘उत्पादनाची निकड असल्याने रजा मंजूर करता येत नाही.’ मी १४ ऑगस्टला पुन्हा एक छोटं पत्र दिलं. त्यात रजेच्या पुस्तकातल्या शिल्लक दिवसांचा उल्लेख केला आणि विचारलं की निकड पूर्ण चार दिवसांची आहे, की त्यातले दोन दिवस तरी देता येतील? १८ ऑगस्टला जे उत्तर आलं ते मी आजही जपून ठेवलं आहे. त्यात लिहिलं होतं, ‘आपल्या खात्यावर रजा शिल्लक नाही.’

एका आठवड्यात कारण बदललं होतं. ११ तारखेला रजा शिल्लक नसती तर निकडीचं कारण सांगायची गरजच पडली नसती. आणि १८ तारखेचं कारण खोटं आहे, हे त्यांनीच भरून दिलेल्या रजेच्या पुस्तकावरून दिसत होतं. न्यायाधीश मालकाच्या मनात डोकावू शकत नाहीत. पण एकाच नकाराला दोन कारणं, आणि दुसरं कारण मालकाच्याच नोंदीने खोटं ठरलेलं, हे समोर आलं की मनात वेगळं काही होतं का हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आपोआप येतो. यासाठीच पहिल्या नकारावर थांबायचं नसतं. शांतपणे दुसरं पत्र द्यायचं असतं. खऱ्या कारणाने नाकारणारा माणूस दुसऱ्यांदाही तेच कारण सांगतो.

२१ ऑगस्टला मी कामावर गेलो. हे सोपं नव्हतं, पण ते आवश्यक होतं, कारण याच जागी माणसं हातातलं प्रकरण घालवतात. आमच्याच कारखान्यातला एक जण, ओव्हरटाइमच्या पत्राशी त्याचा संबंध नव्हता, घरच्या लग्नाला रजा नाकारली म्हणून तसाच निघून गेला. परत आला तर हातात आरोपपत्र: विनापरवानगी गैरहजेरी. चौकशीत त्याने सांगितलं की साहेबाचा माझ्यावर राग आहे. तो राग खराही असेल. पण अर्ज तोंडी होता, नकारही तोंडी होता, आणि कागदावर फक्त त्याची गैरहजेरी होती. रजा अन्यायाने नाकारली तरी न जाता घरी राहणं हा स्वतंत्र दोष ठरतो आणि समोरच्याला आयतं, खरं कारण मिळतं. पाळीचंही तसंच आहे. नेमलेल्या पाळीला हजर राहायचं आणि विरोध लेखी नोंदवायचा.

रात्रपाळीत डुलकी लागली तर तोही आयताच सापळा. ठाण्याकडच्या कलर-केम कंपनीच्या कामगारांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. रात्री मशीन चालू असताना झोपल्याच्या ठपक्यावरून त्यांना कामावरून काढलं होतं. १९९८ मध्ये न्यायालयाने म्हटलं की दोषाच्या मानाने धक्कादायक वाटावी इतकी जबर शिक्षा हीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने छळवणूकच आहे. त्या कामगारांना न्याय मिळाला, पण त्यासाठी किती वर्षं गेली असतील याचा विचार करा. महिनोनमहिने रात्री जागणाऱ्या माणसाने दिवसाची झोप औषधासारखी सांभाळावी.

ऑगस्टअखेर आम्ही वर्ध्याच्या एका वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “आधी किती रात्री लागायच्या, हे कशावरून सांगता?” फलक तर दर आठवड्याला बदलायचा आणि जुना फाडून टाकायचे. मे महिन्यात फलकाचा फोटो कोण काढून ठेवतो? उत्तर माझ्या पगाराच्या चिठ्ठीत निघालं. रात्रपाळीचा भत्ता दर रात्रीमागे मिळायचा आणि चिठ्ठीत रात्रींची संख्या छापलेली असायची. मे महिन्यात ११: दोन आठवड्यांच्या बारा रात्री, त्यातून १ मेच्या सुट्टीची एक वजा. जुलैत २६, म्हणजे पाच रविवार सोडून महिन्याच्या सगळ्या रात्री. ही आकडेवारी मालकाच्याच संगणकातून निघालेली होती, मी लिहिलेली नव्हती. ती नाकारणार कोण? ज्यांच्याकडे जुने फलक नाहीत त्यांनी आधी पगाराच्या चिठ्ठ्या शोधाव्यात. त्या फेकून देणारे पुष्कळ आहेत.

वकीलसाहेबांनी मग एका मोठ्या कागदावर रेघा मारल्या. डावीकडे तारीख, मग मी काय दिलं, त्यांनी काय दिलं, पुरावा कोणता, आणि शेवटच्या रकान्यात ‘त्याच दिवशी विभागातल्या इतरांचं काय’. पहिले चार रकाने भराभर भरले. पाचवा भरताना खरी मेहनत लागली, आणि प्रकरणाचं वजन त्याच रकान्यात होतं. तक्रारीनंतर त्रास सुरू झाला, एवढ्याने तक्रारीमुळेच त्रास झाला असं सिद्ध होत नाही. त्या काळात सगळ्या विभागालाच रात्री लागल्या असतील, सगळ्यांच्याच रजा बंद असतील, तर तो कामाचा भार ठरतो. सारख्याच कामावरच्या इतरांना वेगळी वागणूक मिळाली, हे दाखवावं लागतं.

आमच्या विभागातल्या एकाने ९ ऑगस्टला अर्ज देऊन २१ आणि २२ ऑगस्टची रजा घेतली होती. माझा अर्ज त्याच्या आठ दिवस आधीचा. तो माझा मित्र, पण साक्ष द्यायला तयार नव्हता, आणि मी त्याला भरीस घातलं नाही. अशा वेळी सहकाऱ्याला अडचणीत आणायची गरज नसते. त्याने अमुक तारखेला रजा घेतली एवढं आपल्याला माहीत असलं की वकील न्यायालयात अर्ज करून मालकालाच रजेचं रजिस्टर आणि हजेरी पत्रक हजर करायला लावू शकतो. कारखान्यात तेव्हा प्रौढ कामगारांचं रजिस्टर ठेवावं लागायचं, त्यात कोण कुठल्या गटात आणि कुठल्या पाळीत ते असायचं. मागायचा कागद नेमका कोणता, कुठल्या तारखांचा, हे सांगता आलं पाहिजे. ‘सगळं रेकॉर्ड आणा’ असा अर्ज टिकत नाही.

आमच्या बाजूची एक कडी मात्र कच्ची निघाली. आम्ही तिघे सही करणारे, तिघांनाच सलग रात्रपाळी, हा मुद्दा जोरदार वाटत होता. पण आमच्यातल्या एकाने दोन वर्षांपूर्वी स्वतःच अर्ज केला होता की दिवसा शेतात ओलित असतं, शक्य तर रात्रपाळी द्यावी. तो अर्ज त्यांच्या फाइलमध्ये होता आणि समोरच्या वकिलाने तो काढला. आमच्या वकीलसाहेबांनी लगेच त्या साथीदाराचं उदाहरण बाजूला ठेवलं आणि दोघांवरच युक्तिवाद केला. त्यांचं म्हणणं मला पटलं: शंभर टक्के खऱ्या दोन गोष्टी, एक गोष्ट पातळ झालेल्या तीन गोष्टींपेक्षा जास्त भार उचलतात. तक्रार टाकण्याआधी आपल्याच जुन्या अर्जांच्या प्रती एकदा वाचून काढाव्यात. आपण कधी काय मागितलं होतं, हे आपण विसरतो. त्यांच्या फाइलला ते आठवतं.

तक्रार कुठे आणि कशी करायची, यातही एक खाच होती. महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा १९७१ चा कायदा आहे. त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाच्या अनुचित प्रथांची यादी आहे. तिच्यातली तिसरी बाब वाईट हेतूने केलेल्या बदलीची आहे आणि पुष्कळ जण तिच्यावरच उडी घेतात. पण ती बदली एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी केलेली हवी. त्याच विभागात पाळी बदलणं तिच्यात बसत नाही. आमच्या तक्रारीत पाचवी बाब घेतली, काही कामगारांना झुकतं माप देण्याची. तिच्या जोडीला रजेसाठी नववी, म्हणजे निवाडा, तडजोड किंवा करार न पाळण्याची. कायद्याने दिलेल्या सेवाशर्ती मोडणंही तिच्यात येतं, असा युक्तिवाद होता. संघटना असती आणि त्रास संघटनेमुळे झाला असता, तर दुसरी अनुसूचीही आली असती. कामावरून काढल्याच्या तक्रारी कामगार न्यायालयात जातात. आमची बाकीच्या बाबींतली, म्हणून ती औद्योगिक न्यायालयात गेली.

मुदत ९० दिवसांची. पहिली न फिरलेली पाळी १९ जूनची, म्हणजे ९० दिवस १७ सप्टेंबरला भरत होते, आणि तो रविवार. दर आठवड्याला नवी पाळी लागते म्हणजे त्रास चालूच आहे, असं म्हणता येतं. पण वकीलसाहेबांना त्या वादात पडायचंच नव्हतं. ११ सप्टेंबरला तक्रार दाखल झाली. सोबत अंतरिम आदेशासाठी अर्ज होता, की निकाल लागेपर्यंत पाळी फिरती ठेवावी. पत्रव्यवहारात मग्न राहून ही मुदत घालवणारे मी पाहिले आहेत. स्मरणपत्रं पाठवत राहिलं म्हणून मुदत थांबत नाही.

कारखान्याचा जबाब आला तेव्हा त्यात तिसरंच कारण होतं. रात्रीच्या पाळीत नवं मशीन बसवलं आहे, त्यासाठी अनुभवी ऑपरेटर हवा होता, म्हणून तक्रारदाराला तिथे ठेवलं. वाचायला ते पटण्यासारखं होतं. त्यांच्या पत्रात हे कारण आधी कुठेच नव्हतं, हा एक मुद्दा. दुसरा मुद्दा लॉगशीटचा. आमच्याकडे दर पाळीला लॉगशीट भरायचं असतं: मशीन क्रमांक, नग, बंद पडल्याची वेळ, खाली ऑपरेटर आणि सुपरवायझरची सही. माझ्या जुलै-ऑगस्टच्या लॉगशीटांवर मशीन क्रमांक जुनाच होता, जो मी तिन्ही पाळ्यांत वर्षानुवर्षं चालवत होतो. नव्या मशीनवर मी एक रात्रही उभा नव्हतो. ती लॉगशीटं माझ्याकडे नव्हती आणि मी ती उचलूनही आणली नव्हती. कारखान्याचे कागद खिशात घालून आणले तर चोरीचा आरोप लागतो. मी फक्त माझ्या वहीत रोज तारीख आणि मशीन क्रमांक लिहीत होतो, म्हणून कोणत्या तारखांची लॉगशीटं मागवायची ते सांगता आलं.

अंतरिम अर्जावरच्या सुनावणीत न्यायाधीशांनी समोरच्या वकिलांना एवढंच विचारलं की प्रशासकीय कारण, उत्पादनाची निकड, शिल्लक नसलेली रजा आणि नवं मशीन यांतलं नेमकं कोणतं कारण तुम्ही शेवटपर्यंत धरून ठेवणार? त्यांनी तारीख मागून घेतली. पुढच्या तारखेला पुरसिस दाखल झाली: तक्रारदारांची पाळी विभागातल्या इतरांप्रमाणे दर सोमवारी फिरेल आणि नाकारलेली रजा खात्यावर राहील. त्या अटी लेखी झाल्यावर आम्ही तक्रार मागे घेतली. सूड घेतला असं न्यायालयाने कुठेही म्हटलं नाही. तसा निकाल हवा असता तर साक्षीपुरावे झाले असते आणि काही वर्षं लागली असती. आम्हाला रात्रीची झोप परत हवी होती.

नाकारलेल्या रजेबद्दल एक तरतूद फार थोड्यांना माहीत आहे. कारखाने अधिनियमात न घेतलेली भरपगारी रजा पुढच्या वर्षात ३० दिवसांपर्यंतच नेता येत होती. पण रीतसर मागूनही नाकारलेली रजा पुढे नेण्याला मर्यादाच नव्हती. म्हणजे अर्जाची शिक्क्याची प्रत ही हेतू सिद्ध करण्यासाठी तर लागतेच, शिवाय ते बुडालेले दिवस वाचवण्यासाठीही तीच लागते. तोंडी मागितलेल्या रजेचा असा काही हिशेब नसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या असून वार्षिक रजेसाठी आता २४० ऐवजी १८० दिवसांचं काम पुरतं. आज तक्रार करणाऱ्याने कलमं आणि न्यायालय दाखल करतेवेळच्या कायद्यावरून वकिलाकडून ठरवून घ्यावं. कागद जमवायची रीत तीच राहते.

सरकारी नोकरांचं थोडं वेगळं. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांतल्या दहाव्या नियमानुसार रजा हक्क म्हणून मागता येत नाही. लोकसेवेच्या निकडीसाठी ती नाकारता येते. त्यामुळे तिथे ‘रजा दिली नाही’ एवढ्यावर काही उभं राहत नाही. निकड खरोखर होती का, त्याच आठवड्यात त्याच पदावरच्या इतरांना रजा कशी मिळाली, यावरच सगळं ठरतं. दाद नागपूरच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या खंडपीठात मागायची असते, आणि त्याआधी वरिष्ठांकडे लेखी निवेदन दिलेलं असावं लागतं. त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २००८ चा सोमेश तिवारी निकाल कामाचा आहे. शिक्षेऐवजी म्हणून केलेली बदली टिकणार नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. प्रकरण बदलीचं आहे, रात्रपाळीचं नाही. पण नेहमीचा प्रशासकीय अधिकार शिक्षेसाठी वापरता येत नाही, हे तत्त्व त्यातून घेता येतं.

न्यायालयं हेतूच्या बाबतीत इतकी काटेकोर का असतात, हे भारत आयर्न वर्क्सच्या १९७६ साली छापून आलेल्या निकालात कळतं. छळवणुकीचा आरोप हा मालकाच्या मनोवृत्तीवरचा गंभीर आरोप आहे, तो करणाऱ्यानेच तपशिलासह मांडावा आणि भक्कम पुराव्याने सिद्ध करावा, मोघम सूचना पुरत नाहीत, असा त्याचा आशय. मला हे योग्य वाटतं. आम्ही ज्याच्यावर आरोप करत होतो तोही एक नोकरदार माणूसच होता.

आता पत्र देण्याच्या व्यवहाराबद्दल, कारण लोक इथेच अडतात. शिक्का मारून देत नसतील तर त्याच दिवशी अर्ज टपालाने पाठवावा. आम्ही रजिस्टर एडीने पाठवायचो. २०२५ मध्ये ती सेवा स्पीड पोस्टात मिळवली आहे, तेव्हा आता पोच मागून स्पीड पोस्टाने. पाकिटाच्या पावतीला अर्जाची प्रत टाचून ठेवावी, नाहीतर पावतीवरून पाकिटात काय होतं ते कळत नाही. सुपरवायझरने व्हॉट्सअॅपवर ‘रजा नाही मिळणार’ असं लिहिलं असेल तर तो संदेश मूळ फोनमध्ये राहू द्यावा, फोन बदलला तरी जुना विकू नये. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. तोंडी नकार मिळाला तर त्याच संध्याकाळी दोन ओळी पाठवाव्यात: ‘आज दुपारी आपण सांगितल्याप्रमाणे माझी अमुक तारखांची रजा मंजूर नाही, असे समजतो. काही चूक असल्यास कळवावे.’ याला उत्तर आलं नाही तरी तो नकार त्या तारखेला कागदावर येतो.

गेल्या पावसाळ्यात कारंजा घाडगेकडची एक ताई कागद घेऊन आली होती. तिने पगाराची तक्रार केली होती आणि मग तिची रात्रपाळी संपेना. तिच्याकडे सात अर्ज होते, सगळे नीट लिहिलेले, पण एकावरही शिक्का नव्हता, कारण बाबू घ्यायला तयार नव्हता आणि ती परत घेऊन यायची. मी तिला तिथेच बसवून आठवा अर्ज लिहायला लावला. त्यात तारखेची एकच ओळ वाढवली, शेवटी कारण लेखी कळवण्याची विनंती घातली, आणि पोस्ट ऑफिस बंद व्हायच्या आत तिला तिकडे पाठवलं. नव्वद दिवसांतले एकसष्ट तिच्या हातून आधीच गेले होते.